दोन फंडांची तुलना: परतावा किती मिळाला आणि त्यासाठी घसरण किती सोसली

बेसा भागातला प्लॉट विकून भाऊजींकडे बारा लाख रुपये आले. मुलगी इंजिनिअरिंगला जाणार, तिची फी दोन-तीन वर्षांनी सुरू होणार, म्हणून तोवर पैसे कुठे ठेवायचे हा प्रश्न होता. सीताबर्डीच्या एका वितरकाने त्यांना दोन इक्विटी फंड सुचवले होते आणि एका कागदावर दोघांचे आकडे लिहून दिले होते. मानेवाड्याला त्यांच्या घरी रविवारी बसलो, तेव्हा तो कागद माझ्यासमोर ठेवून ते म्हणाले, "हे पाहा, नवा फंड तर जुन्याच्या अडीचपट चांगला दिसून राहिला. मग विचार काय करायचा?"

कागदावर वार्षिक परतावा होता, सर्वांत मोठी घसरण होती आणि पहिल्याला दुसऱ्याने भागून आलेला आकडाही होता. इतकं लिहून देणारा वितरक क्वचितच भेटतो, कारण बहुतेक फॅक्टशीटमध्ये स्टँडर्ड डेव्हिएशन, बीटा आणि शार्प रेशो हे जोखमीचे आकडे सापडतात, ड्रॉडाउन, म्हणजे ही घसरण, सापडत नाही. गणित बरोबर होतं. तरीही निष्कर्ष चुकला होता. तो कसा चुकला ते समजावं म्हणून सगळं पहिल्यापासून करून दाखवतो. फंडांची नावं देत नाही. एकाला 'जुना' म्हणू, दुसऱ्याला 'नवा'. त्यांचे एनएव्ही, म्हणजे एका युनिटच्या किमती, मी गणित सोपं व्हावं म्हणून ठरवून घेतलेले, गोल केलेले आहेत. निफ्टीचे आकडे मात्र खरे आहेत.

घसरण कशी मोजायची

मॅक्सिमम ड्रॉडाउन म्हणजे आधी गाठलेल्या उच्चांकापासून फंड जास्तीत जास्त किती टक्के खाली गेला. 'आधी गाठलेल्या' हे शब्द विसरले की मोजमाप चुकतं. एक छोटं उदाहरण घेऊ. समजा एका फंडाचा एनएव्ही क्रमाने असा गेला:

| एनएव्ही | तोवरचा उच्चांक | घसरण |
|---|---|---|
| १०० | १०० | ० |
| ११२ | ११२ | ० |
| १०५ | ११२ | ६.२५% |
| १२० | १२० | ० |
| ९६ | १२० | २०% |
| १०८ | १२० | १०% |
| ९० | १२० | २५% |
| १२६ | १२६ | ० |

मॅक्सिमम ड्रॉडाउन २५ टक्के. भाऊजींनी आधी १०८ वरून ९० असं मोजलं आणि त्यांचं उत्तर आलं १६.७ टक्के. पण १०८ हा उच्चांक नव्हता. फंड १२० च्या खालीच होता, मध्ये थोडा वर आला एवढंच. १२० ला पैसे टाकलेल्या माणसाचे १०८ ला अजून भरून निघालेले नव्हते, त्यामुळे त्याच्यासाठी ही एकच सलग घसरण आहे. दुसरी चूक याहून जास्त दिसते: सगळ्या रांगेतला सर्वांत मोठा आकडा १२६, सर्वांत छोटा ९०, म्हणून घसरण २८.६ टक्के. पण १२६ हा आकडा ९० च्या नंतर आला आहे. तिथून खाली कोणीच आलेलं नाही. काळाचा क्रम सोडला की ड्रॉडाउन उरत नाही.

आता हेच शीटमध्ये. म्युच्युअल फंड कंपन्यांची संघटना असलेल्या ॲम्फीच्या संकेतस्थळावर जुन्या एनएव्हीची माहिती मिळते. फंड घराणं, योजना आणि तारखा निवडल्या की रोजचे एनएव्ही हाती येतात. योजना निवडताना दोन्ही फंडांची 'डायरेक्ट' आणि 'ग्रोथ' हीच शाखा घ्या. एकाची रेग्युलर आणि दुसऱ्याची डायरेक्ट घेतली तर रेग्युलरमधून जाणाऱ्या वितरकाच्या कमिशनचा फरक परताव्यात मिसळतो. पैसे काढून देणारी शाखा, म्हणजे पूर्वीची डिव्हिडंड आणि २०२१ पासूनची आयडीसीडब्ल्यू, घेतली तर वाटपाच्या दिवशी एनएव्ही तेवढ्याने खाली येतो आणि शीटला ती घसरण वाटते. शीटमध्ये एखाद्या दिवशी एनएव्ही अचानक काही टक्क्यांनी उतरलेला दिसला आणि त्या दिवशी बाजार शांत होता, तर बहुधा चुकीची शाखा उतरवली गेली आहे.

पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात एनएव्ही. मग पुढचे दोन रकाने असे:

```
C2: =B2
C3: =MAX(C2,B3)
D2: =B2/C2-1
```

C3 आणि D2 खालपर्यंत ओढून घ्या. C रकान्यात तोवरचा उच्चांक येतो, D मध्ये त्या उच्चांकापासूनची घसरण. मग बाजूला चार ओळी. 1725 च्या जागी तुमच्या शीटची शेवटची ओळ टाका:

```
F1: =MIN(D:D)
F2: =(B1725/B2)^(365/(A1725-A2))-1
F3: =F2/ABS(F1)
F4: =INDEX(A:A,MATCH(F1,D:D,0))
```

F1 म्हणजे सर्वांत मोठी घसरण, F2 वार्षिक चक्रवाढ परतावा, F3 दोघांचं गुणोत्तर आणि F4 तळाची तारीख. F4 लोक वगळतात. मी तो आधी पाहतो. जुन्या इक्विटी फंडात २०२० चा काळ असेल, तर तळ साधारण २३ मार्च २०२० च्या आसपास यायला हवा, कारण त्या दिवशी निफ्टी ७,६१० वर बंद झाला होता. तुमच्या शीटमध्ये तळ भलत्याच तारखेला आला तर थांबा. तळाची तारीख बरोबर आली तरी माहिती उलट्या क्रमाने, ताजी तारीख वर अशी, उतरलेली नाही ना तेही पाहा. तशी असेल तर शीट आजच्या उच्चांकापासून मागे जात जुन्या लहान एनएव्हीपर्यंत 'घसरण' मोजते. आपल्या जुन्या फंडात असं केलं तर ३४ ऐवजी चक्क ६५ टक्क्यांहून जास्त घसरण येते. तारखा शब्द म्हणून उतरल्या असतील, तर F2 मध्ये चूक दाखवली जाऊ शकते. तो रकाना तारखेच्या रूपात बदलून घ्या.

रोजचे एनएव्ही घ्यायचे, महिनाअखेरचे नाहीत. हा हट्ट मी का धरतो ते निफ्टीवरून कळेल. १४ जानेवारी २०२० ला निफ्टी १२,३६२ वर बंद झाला, २३ मार्चला ७,६१० वर. घसरण ३८.४ टक्के. आता फक्त महिनाअखेरचे आकडे घेऊ: डिसेंबर २०१९ अखेर १२,१६८, मार्च २०२० अखेर ८,५९८. घसरण २९.३ टक्के. बाजार तोच, महिने तेच, आणि नऊ टक्क्यांची पडझड नुसत्या मोजण्याच्या पद्धतीने नाहीशी झाली. एका फंडाचा आकडा रोजच्या एनएव्हीवरून आणि दुसऱ्याचा महिन्याच्या एनएव्हीवरून आलेला असेल, तर ती तुलना टाकून द्यावी.

गुणोत्तर, आणि कागदावरची गफलत

वार्षिक परताव्याला मॅक्सिमम ड्रॉडाउनने भागून येणाऱ्या आकड्याला कॅल्मार रेशो म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या टेरी यंग यांनी १९९१ मध्ये तो मांडला, आणि त्यात सहसा शेवटची तीन वर्षं घेतात. फंड सुरू झाल्यापासूनचा सगळा काळ घेतला तर त्याच भागाकाराला मार रेशो म्हणतात. कोणी नुसता आकडा सांगितला तर 'किती वर्षांचा?' हा प्रश्न लगेच विचारा.

भाऊजींच्या कागदावर दोन्ही फंडांचे आकडे सुरुवातीपासूनचे म्हणून लिहिले होते. जुन्याची सुरुवात ऑगस्ट २०१८ धरली होती, आणि ते मला पटलं. सेबीने ऑक्टोबर २०१७ मध्ये फंडांच्या प्रकारांची नवी चौकट आणली आणि २०१८ च्या मध्यापर्यंत अनेक योजनांचं नाव, प्रकार, कधी कधी गुंतवणुकीची पद्धतच बदलली. त्याआधीचा इतिहास नावाला त्याच फंडाचा असला, तरी पैसे वेगळ्या तऱ्हेने गुंतवलेले असू शकतात.

जुन्याचा एनएव्ही ऑगस्ट २०१८ मध्ये २० रुपये, ऑगस्ट २०२५ मध्ये ४६. सात वर्षांत वार्षिक १२.६ टक्के. मधे २०२० च्या सुरुवातीला तो २५ वर होता आणि मार्चमध्ये १६.५० पर्यंत आला, म्हणजे ३४ टक्के घसरण. १२.६ भागिले ३४, गुणोत्तर ०.३७. सोप्या भाषेत, एक रुपयाच्या घसरणीमागे वर्षाला ३७ पैसे परतावा.

नवा फंड ऑगस्ट २०२० मध्ये १० रुपयांवर सुरू झाला, ऑगस्ट २०२५ मध्ये २०.५० वर. पाच वर्षांत वार्षिक १५.४ टक्के. सर्वांत मोठी घसरण सप्टेंबर २०२४ च्या २२ रुपयांपासून मार्च २०२५ च्या १८.२६ पर्यंत, म्हणजे १७ टक्के. गुणोत्तर ०.९१.

०.३७ आणि ०.९१. भाऊजींचं 'अडीचपट' इथून आलं होतं.

मी त्यांना एकच विचारलं, "मार्च २०२० मध्ये नवा फंड किती पडला?"

ते कागद पाहत राहिले. मग म्हणाले, "तेव्हा तो होताच कुठे."

नवा फंड पडझडीत टिकून राहिलेला नव्हता, तो पडझड संपल्यावर जन्मला होता. अशा तुलनेत भाजक आणि भाज्य दोन्ही एकाच बाजूला झुकतात. मोठी घसरण मोजणीबाहेर राहिल्याने भाजक लहान होतो, आणि तळाजवळून सुरुवात झाल्याने परतावा मोठा होतो. काळ जितका लांब घ्याल तितका मॅक्सिमम ड्रॉडाउन वाढेल किंवा तिथेच राहील. कमी होणं शक्यच नाही. म्हणून सात वर्षांचं गुणोत्तर आणि पाच वर्षांचं गुणोत्तर शेजारी ठेवलं की लांब इतिहासाचा फंड बहुधा वाईट दिसतो. त्याने तो इतिहास सोसला, एवढाच त्याचा दोष.

त्यामुळे पहिली दुरुस्ती ही की दोन्ही फंडांचा काळ एकच करायचा. दोघांपैकी ज्याचा इतिहास छोटा, त्याची पहिली तारीख ही दोघांचीही पहिली तारीख. शीटमध्ये जुन्याच्या त्याआधीच्या ओळी काढून टाका आणि सगळी सूत्रं पुन्हा नव्याने भरा. नुसत्या लपवून भागत नाही, कारण लपवलेल्या ओळींतला उच्चांक C रकान्यात पुढे येतच राहतो.

ऑगस्ट २०२० मध्ये जुना २३ वर होता, पाच वर्षांत ४६, म्हणजे बरोबर दुप्पट, वार्षिक १४.९ टक्के. या काळातली त्याची सर्वांत मोठी घसरण ४८ पासून ४०.८० पर्यंत, १५ टक्के. गुणोत्तर ०.९९. आता जुना ०.९९ वर आणि नवा ०.९१ वर. अडीचपट तर गेलंच, क्रमही उलटला.

इथे लगेच जुन्याचा झेंडा रोवू नये. नव्याचा तळ १८.२६ ऐवजी १८.७० ला आला असता, तर त्याची घसरण १५ टक्के झाली असती आणि गुणोत्तर १.०३. म्हणजे एका दिवसाच्या एनएव्हीतले ४४ पैसे विजेता बदलतात. भाजक फक्त दोन दिवसांवर, एका उच्चांकावर आणि एका तळावर उभा असतो. बाकीच्या सव्वाबाराशे दिवसांत काय झालं ते त्याला माहीत नसतं. म्हणून दशांशातल्या फरकाला मी 'सारखेच' म्हणतो. एक फंड दुसऱ्याच्या दीडपट असेल, आणि सुरुवातीची तारीख सहा-सहा महिन्यांनी सरकवून काढलेल्या तीन-चार खिडक्यांतही तोच पुढे राहत असेल, तर त्या फरकात काही अर्थ आहे. तारीख सरकवताच क्रम बदलत असेल तर गुणोत्तराकडून उत्तर मिळणार नाही. खर्चाचं प्रमाण, फंडात काय आहे, व्यवस्थापक किती वर्षांपासून आहे, याकडे वळावं.

जी घसरण झालीच नाही तिचा अंदाज

भाऊजींचा पुढचा प्रश्न रास्त होता: नवा फंड तेव्हा असता तर किती पडला असता? नक्की सांगता येत नाही, पण दोघांनी सोबत पाहिलेल्या घसरणीवरून ढोबळ अंदाज काढता येतो. २६ सप्टेंबर २०२४ ते ४ मार्च २०२५ या काळात निफ्टी २६,२१६ वरून २२,०८३ वर आला, १५.८ टक्के. नवा फंड १७ टक्के पडला, म्हणजे निफ्टीच्या सुमारे १.०८ पट. हाच पट २०२० च्या ३८.४ टक्क्यांना लावला तर ४१ टक्के येतात.

या अंदाजावर भरवसा किती ठेवायचा, हे जुन्या फंडावर तपासता येतं. तो १५ टक्के पडला, ०.९५ पट. २०२० ला लावलं तर ३६.५ यायला हवेत. प्रत्यक्षात तो ३४ पडला होता. अडीच टक्क्यांची चूक, तीही सावधगिरीच्या बाजूने. एवढ्या तपासणीनंतर मी नव्याची ४१ टक्के ही संख्या कामचलाऊ म्हणून वापरायला तयार असतो. फंडातली शेअरची निवड तेव्हापासून पार बदललेली असेल, किंवा फंड स्मॉलकॅपचा, म्हणजे छोट्या कंपन्यांचा, असेल आणि मी त्याला निफ्टीची फूटपट्टी लावत असेन, तर हा अंदाज टिकणार नाही. स्मॉलकॅपला स्मॉलकॅपचाच निर्देशांक लावावा.

फूटपट्टीचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो, हे गुणोत्तर एकाच प्रकारच्या फंडांमध्ये वापरायचं. एखादा लिक्विड फंड वर्षाला साडेसहा टक्के देतो आणि त्याची सर्वांत मोठी घसरण ०.३ टक्के असते. भागाकार २१ च्या पुढे जातो. तो इक्विटी फंडाच्या वीसपट चांगला आहे असा त्याचा अर्थ होत नाही. भाजक शून्याजवळ गेला की भागाकार कुठेही पोचतो.

गुणोत्तराला न दिसणारा वेळ

२०२० ची घसरण खोल होती, पण निफ्टीने जानेवारीतला उच्चांक त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ओलांडला. दहा महिने. २००८ मध्ये असं झालं नाही. ८ जानेवारी २००८ ला निफ्टी ६,२८८ वर बंद झाला, २७ ऑक्टोबरला २,५२४ वर. जवळपास ६० टक्के घसरण. तो जुना उच्चांक नोव्हेंबर २०१० मध्ये, दिवाळीच्या मुहूर्ताच्या सौद्यात, जेमतेम ओलांडला गेला आणि बाजार पुन्हा खाली आला. मुलीची फी दोन वर्षांनी भरायची असणाऱ्या माणसाला हा फरक टक्क्यांपेक्षाही मोठा आहे. म्हणून शीटमध्ये आणखी एक गोष्ट बघतो: D रकाना शून्यावरून उतरल्यापासून पुन्हा शून्यावर येईपर्यंत किती दिवस गेले. दोन फंडांचं गुणोत्तर सारखं असेल, तर ज्याचे हे दिवस कमी, तो मी निवडतो.

भरून यायला वेळ का लागतो तेही इथेच दिसतं. १७ टक्के पडलेल्या फंडाला मूळ जागी यायला साडेवीस टक्के चढावं लागतं; ३४ टक्के पडलेल्याला साडेएक्कावन्न. इथे घसरण दुप्पट झाली आणि चढण अडीचपट झाली.

आणि एसआयपी करणाऱ्यांनी आपल्या खात्याची रक्कम पाहून ड्रॉडाउन ठरवू नये. दर महिन्याला नवे पैसे पडत राहतात, त्यामुळे फंड दहा टक्के पडला तरी खात्याची रक्कम जवळपास तेवढीच दिसू शकते. मोजमाप एनएव्हीचंच.

किती पैसे टाकायचे, हे ड्रॉडाउनवरून

दोन फंड जवळपास सारखे निघाले, तेव्हा भाऊजी जरा हिरमुसले. इतकं सगळं करून उत्तर मिळालं नाही असं त्यांना वाटलं. पण मला ड्रॉडाउनचा सगळ्यात मोठा उपयोग फंड निवडण्यात वाटतच नाही. तो रक्कम ठरवण्यात आहे.

मी विचारलं, "बारा लाखांचे किती झाले तर तुम्हाला झोप लागणार नाही?" त्यांनी ताईकडे पाहिलं. ताई आतून म्हणाली, "नऊच्या खाली नको बाप्पा. फी कशातून भरायची मग?"

म्हणजे सोसता येईल असा तोटा तीन लाख. पुढचं गणित एका ओळीचं आहे: सोसता येणारा तोटा भागिले अपेक्षित घसरण. घसरण ४० टक्के धरली तर तीन लाख भागिले ०.४०, साडेसात लाख. तेवढेच इक्विटी फंडात, उरलेले साडेचार लाख बँकेच्या ठेवीत. फंड ४० टक्के पडला तरी साडेसातचे साडेचार उरतात, ठेवीतले साडेचार तसेच, एकूण नऊ. सगळे बारा लाख जुन्या फंडात टाकले असते आणि २०२० सारखी ३४ टक्क्यांची घसरण आली असती, तर ७ लाख ९२ हजार उरले असते.

भाऊजींनी मग स्वतःच २००८ चा आकडा घातला. तीन लाख भागिले ०.६०, पाच लाख. थोडा वेळ दोन्ही आकडे पाहिले आणि ताईला विचारून पाच लाख पक्के केले. सात लाख ठेवीत, त्यातल्या दोन ठेवींची मुदत फीच्या पहिल्या दोन हप्त्यांच्या आधीच्या महिन्यात संपेल अशी. फंड जुनाच घेतला, खर्चाचं प्रमाण कमी होतं म्हणून, आणि पाच लाखही एकदम न टाकता दहा महिन्यांत. वितरकाच्या कागदाच्या मागच्या बाजूला त्यांनी तारीख घालून लिहून ठेवलं: पाचचे दोन झाले तरी विकायचं नाही, तेवढं धरूनच टाकले आहेत.